जुने इंजेक्शनवाले पेशंट: तोंडाची हालचाल आणि पायांची चुळबूळ कशी तपासता, कागदावर कशी लिहिता?

केजची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात मानसोपचार ओपीडीला परिचारिका आहे. एका पेशंटवरून प्रश्न विचारायलेय, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

काका 56 वर्षांचे. आजार जुना, स्किझोफ्रेनिया. दहा-बारा वर्षांपासून फ्लुफेनाझिन डेकॅनोएटचं 25 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर चार आठवड्याला, सोबत टीएचपीची 2 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ. दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला गेले, काकांना एकटं कुठं ठेवायचं म्हणून त्यांनाही नेलं, आणि तिकडं चार-पाच महिने इंजेक्शन झालंच नाही. काकू म्हणतात की फडावर असतानाच त्यांचं तोंड हलायला लागलं, ओठ बाहेर काढून चुळूक चुळूक करायचे, लोकांना वाटायचं तंबाखू चघळतात. पाडव्यानंतर परत आले, आधीच्याच डोसनं इंजेक्शन सुरू झालं. आता तोंड बरंच कमी हलतंय पण काका एका जागी ठरत नाहीत, रात्री अंगणात फेऱ्या मारतात.

टीडीची शंका आली म्हणून मी अशा हालचाली मोजायचं एम्स स्केल लावलं. ओठ 2, जबडा 2, जीभ 3, हात 1, बाकी शून्य. बेरीज 8. त्याच दिवशी आमच्याकडं आलेल्या ज्युनिअर डॉक्टरांनी वेगळं बसून तपासलं तर त्यांची बेरीज 5 आली. दोघांनी एकाच माणसाला अर्ध्या तासाच्या अंतरानं बघितलंय. आणि पायांचं काय करायचं, ते एम्समध्ये लिहायचं का बार्न्सच्या स्केलवर, ह्यावर आमचं काही ठरेना.

जुन्या केसपेपरवर बघावं तर सगळीकडं एकच ओळ, "स्टेबल, सेम औषध चालू". इतक्या वर्षांत तोंड कधी हललं का नाही हे सांगायला एक अक्षर नाही. तुम्ही लोक कसं करता?

हिंगोलीची_आशा

ताई टीडीचं इंजेक्शन तर आमच्याकडं गरोदर बायांना देतात, त्यानं तोंड हलतं का? घाबरले ना मी.

केजची_सिस्टर

नाही गं, ते धनुर्वाताचं. हा टीडी म्हणजे टार्डिव्ह डिस्किनेशिया, मनाच्या आजाराच्या गोळ्या-इंजेक्शनं वर्षानुवर्षं चालल्यावर काहींना होणाऱ्या हालचाली. तू बिनधास्त दे.

फार्मा_धाराशिव

सिस्टर ह्यात एवढं काय, ही इंजेक्शनची ईपीएस आहे. टीएचपी डबल करा, आठ दिवसात तोंड बंद. माझ्या दुकानातून शंभर पेशंट हीच गोळी नेतात, मान वाकडी होणं, हात थरथरणं, लाळ गळणं सगळं थांबतं. दुसरं म्हणजे तुम्हीच लिहिलंय की इंजेक्शन बंद होतं तेव्हा तोंड हललं आणि चालू केल्यावर कमी झालं. मग इंजेक्शनचा दोष कसा? उलट इंजेक्शनच त्यावर औषध झालं की.

मांजराकाठचा_डॉक्टर

फार्मा भाऊ, मान वाकडी होणं आणि हात थरथरणं ह्याबद्दल तुमचं एकदम बरोबर आहे, त्याला टीएचपी चालते. पण टीडीला ती चालत नाही, बऱ्याच पेशंटमध्ये हालचाल वाढवते. म्हणून तोंड हलणाऱ्या जुन्या पेशंटला टीएचपी डबल करणं म्हणजे उलट्या दिशेला जाणं. अशा पेशंटमध्ये आपण ती कमी करायला बघतो, तीसुद्धा हळूहळू, काही आठवड्यांत, एकदम तोडून नाही. तुमच्या गिऱ्हाइकांना स्वतःहून बंद करायला सांगू नका म्हणजे झालं.

दुसऱ्या मुद्द्यात मोठी फसगत आहे आणि ती डॉक्टरांचीपण होते. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचे दरवाजे वर्षानुवर्षं अडवून धरतं, तिकडचे दरवाजे हळवे होऊन बसतात. औषध उतरलं की तेच हळवेपण हालचाल म्हणून बाहेर पडतं. डेकॅनोएट तेलातलं इंजेक्शन असल्यामुळं ते अंगातून सावकाश उतरतं, म्हणून तोंड लगेच न हलता फडावर गेल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी हललं. परत इंजेक्शन दिलं की परत झाकलं जातं. झाकलं म्हणजे बरं झालं नाही. आज काकांचे ओठ 2 आहेत, ते शेवटच्या इंजेक्शननंतर कितव्या दिवशी 2 आहेत हे कागदावर नसेल तर त्या 2 चा पुढच्या माणसाला काही उपयोग नाही.

बेरजेचं थोड्या वेळानं लिहितो, ओपीडी चालू आहे.

परभणीचा_पाहुणा

डॉक्टर साहेब माझ्या सासूबाईंचे दोन्ही हात थरथरतात आणि चालताना पाय घासत चालतात. मनाचा आजार कधीच नव्हता. त्यांना पण हे स्केल लावावं का? गोळ्या फक्त बीपीची आणि ॲसिडिटीची.

ओपीडी_नंबर_सात

पाहुणे, एम्समध्ये थरथर मोजतच नाहीत, स्केलवरच लिहिलंय की एका तालात होणारी थरथर धरू नका. तुमचा विषय वेगळा दिसतोय, पण ॲसिडिटीची गोळी कोणती ते पाकिटावर वाचून सांगा. खाली दोन नावं असतील तर दोन्ही.

@सिस्टर, मी सध्या मानसोपचारात रेसिडेंट आहे. मला वाटतं तुमच्या ज्युनिअर डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी काहीतरी गाळलं असेल. आमच्या सरांनी एक क्रम पाठ करून घेतलाय. आधी पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतानाच लांबून बघायचं, त्याला कळू न देता. मग बिनहाताच्या कडक खुर्चीवर बसवायचं, हात गुडघ्यावर, पाय थोडे फाकवून तळवे जमिनीला टेकवून. मग हात मांड्यांच्या मधे किंवा गुडघ्यावरून लोंबते. तोंड दोनदा उघडायला लावायचं आणि आत जीभ स्वस्थ आहे का बघायचं. जीभ दोनदा बाहेर काढायला लावायची. मग अंगठ्यानं एकेक बोट पटापट टेकवायचं, दहा-पंधरा सेकंद, आधी एक हात मग दुसरा, आणि त्या वेळी बोटांकडं नाही तर चेहऱ्याकडं आणि पायांकडं बघायचं. मग उभं करायचं, बाजूनं बघायचं, हात समोर सरळ, आणि शेवटी चालवून वळवून परत आणायचं, दोनदा.

उदगीरचा_रघ्या

बिनहाताची खुर्ची ना, आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सगळ्याच खुर्च्यांचे हात गेलेत. म्हणजे आपण कधीपासूनच तयारीत बसलोय.

केजची_सिस्टर

रघ्या 😀

ओपीडी_नंबर_सात, क्रम आम्ही दोघांनी तोच पाळला. बोटं टेकवायला लावल्यावरच जीभ जास्त हलली. नुसतं बसलेलं असताना तोंड उघडून बघितलं तर जीभ हलत होती पण कमी. जबडा तर बसलेला असताना शांतच होता, बोटं टेकवताना चावल्यासारखा हलला. हाताची बोटं फक्त चालताना हलली.

मांजराकाठचा_डॉक्टर

सिस्टर, तुमचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. मूळ एम्सच्या सूचनेत एक वाक्य आहे की दुसरं काही काम करायला लावल्यावरच जी हालचाल दिसते तिला एक गुण कमी द्यायचा. तुमच्या डॉक्टरांनी तो नियम पाळला, तुम्ही नाही पाळला. मोजून बघा.

तुमचं: ओठ 2, जबडा 2, जीभ 3, हात 1, बेरीज 8.

त्यांचं: ओठ बसल्या जागीच 2, म्हणून 2. जबडा फक्त बोटं टेकवताना 2, म्हणून 1. जीभ बसल्या जागी 2 आणि बोटं टेकवताना 3, म्हणजे 3 मधून एक वजा, 2. हात फक्त चालताना 1, म्हणून 0. बेरीज 5.

दोघांनी एकच माणूस बघितला आणि दोघांनी नीट बघितला. हा नियम बऱ्याच ठिकाणी आता वापरत नाहीत, कुठलाही धरा, माझी काही हरकत नाही. पण कागदावर "एक वजा केला" किंवा "वजा नाही" एवढे दोन शब्द पाहिजेत. नाहीतर काय होतं बघा, ह्या महिन्यात तुम्ही 8 लिहिणार, पुढच्या वेळी ते 5 लिहिणार, आणि तिसरा माणूस कागद बघून म्हणणार की वा, सुधारणा आहे. काकांच्या तोंडात तर काहीच बदललेलं नाही.

निदानासाठी बेरीज लागतपण नाही. शूलर आणि केन यांचा 1982 चा जो निकष आपण वापरतो त्यात एका भागात 3, किंवा दोन भागांत 2 लागतात, आणि औषध एकूण किमान तीन महिने झालेलं असावं, दुसरं कारण नसावं. तुमच्या आकड्यानं जीभ 3 आहे म्हणून बसतं. त्यांच्या आकड्यानं ओठ 2 आणि जीभ 2 म्हणून बसतं. दोन्हीकडून उत्तर एकच आलं. म्हणून माझं म्हणणं की सातही भागांचे आकडे वेगवेगळे लिहा, बेरजेवर जाऊ नका. बेरीज 5 ही एका भागात 3 आणि दुसऱ्यात 2 अशीपण होते आणि पाच भागांत एकेक अशीपण होते, पहिल्याला टीडी म्हणू, दुसऱ्याला म्हणता येणार नाही.

दातवाला_नांदेड

मी दंतवैद्य, माझा ह्या विषयाशी संबंध तोंडापुरता. सिस्टर, काकांच्या तोंडात तपासताना काही होतं का? आपल्या भागात तंबाखू, गुटखा, खर्रा, बायांत मशेरी, आणि गालात ठेवून माणूस विसरून जातो. मी खुर्चीवर घेतलेले पेशंट विचारलं तर "काई नाई" म्हणतात आणि बोट फिरवलं की गालातून गोळी निघते. स्केलमधेपण तोंडात काही आहे का विचारा, असेल तर काढायला लावा असं आहे ना?

दुसरं, दात नाहीत आणि कवळी पण नाही असे म्हातारे लोक औषध नसतानासुद्धा जबडा चावल्यासारखा हलवतात. त्यात जीभ आत बहुतेक शांत असते.

तिसरं गुटख्यावाल्यांचं. ज्यांना गालात घट्ट पट्टे आलेत त्यांचं तोंड दोन बोटं पण उघडत नाही, जीभ बाहेर येत नाही. तुम्ही "जीभ 0" लिहाल पण ती दिसलेलीच नाही.

केजची_सिस्टर

डॉक्टर, हे फारच कामाचं. काकांना चूळ भरायला लावली होती, गोळी निघाली 🙈 पण चूळ भरल्यानंतर किती वेळानं तपासलं ते लिहिलं नव्हतं. खालचे पुढचे चार दात नाहीत, कवळी नाही. तोंड तीन बोटं उघडतं, जीभ पूर्ण बाहेर येते.

आमच्याकडं अजून एक अडचण, बायका तोंडावर पदर घेतात, आणि नऊवारी किंवा पायघोळ साडीत पावलं दिसतच नाहीत. मी आता वेगळ्या खोलीत नेऊन चपला-मोजे काढायला लावते आणि साडी घोट्याच्या वर धरायला सांगते, सोबत बाई असली की त्या ऐकतात.

सुनंदा_लातूर

मी डॉक्टर नाही. माझा भाऊ पंधरा वर्षांपासून गोळ्यांवर आहे. तुम्ही तोंडावर इतकं बोलायलात पण आम्हाला घरी पायांचा त्रास जास्त होता. तो जेवणाच्या पंगतीत बसत नव्हता, उठून उभाच राहायचा, परत बसायचा, परत उठायचा. आम्ही तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितलं की पुन्हा बिघडलाय, तर त्यांनी गोळी वाढवली. त्यानं अजून जास्त फिरायला लागला. आई रडायची की पोरगं परत तसंच झालं म्हणून. नंतर एका डॉक्टरांनी त्यालाच विचारलं की तुला आत काय होतंय. तो म्हणाला, "पाय राहत नाईत, आतून कोणी ढकलायलंय". मग उलट गोळी कमी केली आणि दुसरं एक औषध दिलं. पंधरा दिवसात बसायला लागला. एवढंच सांगायचं होतं की आम्हाला विचारू नका, त्याला विचारा.

मांजराकाठचा_डॉक्टर

सुनंदाताई, तुम्ही लिहिलंत ते ह्या सगळ्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ह्या पाय न राहण्याला अकॅथिसिया म्हणतात, त्याचा अर्धा भाग डोळ्यांना दिसतो आणि अर्धा पेशंटच्याच आत असतो, तो विचारल्याशिवाय कळत नाही. आणि नातेवाईक "बिघडला" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आजार उसळला असाही असतो आणि औषधाचा त्रास झाला असाही. दोन्हीकडं रात्रभर फेऱ्या असतात. पहिल्यात औषध वाढवतात, दुसऱ्यात वाढवलं तर आगीत तेल.

सिस्टर, काकांचा मामला बघा. पाच महिन्यांच्या खंडानंतर एकदम जुन्या पूर्ण डोसवर इंजेक्शन, आणि त्यानंतर काही दिवसांत पायांचं सुरू. वेळ तर अकॅथिसियाचीच सांगते.

बार्न्सचं स्केल 1989 चं आहे, लांबलचक नाही. निदान दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं करून गप्पा मारत बघायचं. गप्पा आजाराच्या नकोत, पाऊसपाण्याच्या. उभं राहिल्यावर वजन ह्या पायावरून त्या पायावर टाकतो का, जागच्या जागी चालल्यासारखं करतो का. अर्ध्याहून कमी वेळ दिसलं तर 1, निदान अर्धा वेळ दिसलं तर 2, सतत असलं तर 3. मग त्याला विचारून आतली बेचैनी 0 ते 3, त्याचा त्रास 0 ते 3, आणि शेवटी एकूण 0 ते 5. घड्याळ लावा बरं का, दोन मिनिटं आपल्याला वाटतात त्याच्या निम्म्यातच आपण उठतो.

ओपीडी_नंबर_सात

सर प्रश्न कसा विचारायचा ते पण सांगा ना. मी "इनर रेस्टलेसनेस आहे का" चं मराठी करून "आतून अस्वस्थ वाटतं का" विचारतो तर प्रत्येकजण हो म्हणतो. कर्ज असलेला पण हो म्हणतो, लेकीचं लग्न राहिलेला पण हो म्हणतो.

केजची_सिस्टर

मी सांगते. मी विचारते की सप्त्यात कीर्तनाला मांडी घालून बसता येतं का, का उठावं लागतं. एसटीच्या रांगेत उभं राहता येतं का. उठावं लागत असेल तर कशानं, मन लागत नाही म्हणून का पायच राहत नाहीत म्हणून. आणि फिरल्यावर जरा बरं वाटतं का. पाय राहत नाहीत, फिरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि उभं ठेवलं की जास्त होतं असं सांगितलं की मी पक्कं धरते. नुसती काळजी असेल तर पायाचं नावच घेत नाहीत.

मांजराकाठचा_डॉक्टर

ह्यापेक्षा चांगला प्रश्न मला सुचला नसता. एक जोडा, आडवं झाल्यावर कसं. अकॅथिसियात झोपल्यावर सहसा थोडा आराम पडतो. रात्री आडवं झाल्यावरच पायात वळवळ सुरू होते आणि दिवसा काही नसतं, तर ते दुसरं दुखणं असण्याची शक्यता जास्त, तिथं रक्तातलं लोहपण बघावं.

आणि असाही पेशंट भेटतो की पाय हलतायत, उभं राहिल्यावर डुलतोय, पण विचारलं तर म्हणतो काहीच होत नाही, आत शांत. त्याला बार्न्स स्यूडोअकॅथिसिया म्हणतात, एकूण गुण शून्य आणि बाजूला तसं लिहायचं. जुन्या, खूप वर्षं औषधावर असलेल्यांत हे बघायला मिळतं.

औसा_रोडवाला

मी पण मानसोपचारातच आहे, माझं मांजराकाठच्या सरांशी एका गोष्टीवर पटत नाही, त्यांनी उघड म्हटलं नाही पण रोख तोच दिसतो. काकांची पायांची हालचाल बार्न्सवर गेली म्हणून एम्समधला पायांचा रकाना शून्य ठेवायचा का? एम्सचा सहावा रकाना स्पष्ट सांगतो की पाऊल आपटणं, टाच टेकवणं, गुडघा आत-बाहेर हलवणं हे सगळं धरा. ते कारण विचारत नाही, दिसतंय का विचारतं. मी दोन्हीकडं लिहितो. शून्य लिहिलं तर पुढं कधी खरंच पावलात टीडी आला तर आधी काय होतं ते कळणारच नाही.

मांजराकाठचा_डॉक्टर

सर, तुमचं वाचन बरोबर आहे, स्केल कारण विचारत नाही. माझी भीती वेगळी आहे. सहाव्या रकान्यात 2 लिहिलं आणि ओठ 2 असले तर निकषात बसलं, टीडी शिक्का पडला, आणि त्यातला एक 2 तर अकॅथिसियाचा होता. म्हणून मी तिथं शून्य न लिहिता "अकॅथिसियाची हालचाल, बार्न्स बघा" असं लिहितो आणि आकडा देत नाही.

औसा_रोडवाला

मग तुमची बेरीज कुणाच्या बेरजेशी जुळणार नाही.

मांजराकाठचा_डॉक्टर

बेरीज मी मानतच नाही ना. असो, ह्यावर आपलं जुळणार नाही, दोघांनी आपापलं लिहावं आणि काय केलं ते लिहावं.

परभणीचा_पाहुणा

पाकीट बघितलं. रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइड. दोन वर्षांपासून रोज चालू आहे, दुकानातूनच आणतो.

ओपीडी_नंबर_सात

पाहुणे हेच विचारायचं होतं. दुसरं नाव जे आहे ते पोटासाठी दिलं जातं पण काम त्याच जातीचं करतं, डोपामिन अडवतं. दोन वर्षं रोज घेतल्यावर हात थरथरणं, पाय घासत चालणं, कधी तोंड हलणं हे सगळं होऊ शकतं. मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करसाठी वर्षानुवर्षं चालणारं प्रोक्लोरपेराझिन, तेही तसंच. दुकानातून आणणं थांबवा आणि ह्या पाकिटासह डॉक्टरांकडं न्या, मेंदूविकारवाल्यांकडं नेलं तर अजून चांगलं. स्केल त्यांनी ठरवावं, थरथर आणि ताठरपणाला वेगळी स्केल आहेत.

फार्मा_धाराशिव

हे मात्र मला माहीत नव्हतं. ही गोळी दिवसाला किती जाते सांगत नाही. उद्यापासून जुन्या घेणाऱ्यांना डॉक्टरांना दाखवून या म्हणतो.

हिंगोलीची_आशा

मोबाइलमधे व्हिडिओ काढून ठेवला तर चालेल का ताई? आमच्याकडचे पेशंट तालुक्याला जाईपर्यंत तोंड बंद होतं, घरी मात्र हलतं. डॉक्टर म्हणतात दिसत नाही.

केजची_सिस्टर

चालतं, फक्त पेशंटला आणि घरच्यांना विचारून, आणि पेशंटच्याच किंवा घरच्याच्या मोबाइलवर. आपल्या मोबाइलमधे नको आणि गटात तर अजिबात टाकू नको. तारीख बोलून घे सुरुवातीला. बसलेलं, जीभ बाहेर, बोटं टेकवणं आणि चालणं एवढंच दोन मिनिटांत होतं. पुढच्या वेळी आकड्यापेक्षा तोच जास्त बोलतो.

दातवाला_नांदेड

झोपेत हलतं का तेही विचारा घरच्यांना. टीडी झोपेत थांबतो असं वाचलंय, बरोबर का?

औसा_रोडवाला

हो, झोपेत सहसा थांबतो, एम्सच्या नंतरच्या आवृत्तीत तो प्रश्न वेगळा टाकलाय. दात पडलेत का तोही.

केजची_सिस्टर

मंडळी, काका परवा आले होते. ह्या वेळी मी आणि ज्युनिअर डॉक्टर एकत्र बसलो, दोघांनी आपापलं लिहून मग कागद उघडले. काय लिहिलं ते इथं टाकते, कुणाला काही खटकलं तर सांगा.

"फ्लुफेनाझिन डेकॅनोएट 25 मिलिग्रॅम, शेवटचं इंजेक्शन 19 दिवसांपूर्वी, त्याआधी साधारण पाच महिने खंड. टीएचपी 2 मिलिग्रॅम आज सकाळी घेतली. चूळ भरून 10 मिनिटांनी तपासलं. खालचे पुढचे चार दात नाहीत, कवळी नाही. तोंड तीन बोटं उघडतं. एम्स, वजा न करता: चेहरा 0, ओठ 2, जबडा 2, जीभ 3, हात 1, पाय आकडा दिला नाही, बार्न्स बघा, धड 0. जबडा आणि हात फक्त काम करताना, जीभ बसल्या जागी 2. एकूण तीव्रता 3, अडचण 1, जाणीव आहे पण त्रास नाही 1. बार्न्स: बसून दोन मिनिटं, उभं दोन मिनिटं, दिसणारी हालचाल 2, आतली बेचैनी 2, त्रास 2, एकूण 3. पेशंटचे शब्द: उभं ऱ्हायलं की पाय पळायलेत."

औसा रोडवाले सर रागवू नका, पायाच्या रकान्यात सध्या मांजराकाठच्या सरांचं ऐकलंय. काकूंनी पहिल्यांदाच सांगितलं की फडावर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पण शांत बसायचे, पायांचं तेव्हा काहीच नव्हतं. हेपण लिहिलं.

आमच्या सरांना दाखवलं. त्यांनी ठरवलं की पुढचं इंजेक्शन कमी डोसनं, आणि दम्याचं विचारून, नाडी-बीपी बघून प्रोप्रॅनोलॉल 10 मिलिग्रॅम दोनदा. टीएचपीला आत्ता हात लावायचा नाही, त्याच वेळी अजून एक बदल केला तर कशानं काय झालं कळणार नाही असं म्हणाले.

मांजराकाठचा_डॉक्टर

हा कागद मला कुठल्याही गावात दिला तरी मी पुढं नेऊ शकतो. एक लक्षात ठेवा, डोस कमी केल्यावर काही आठवड्यांत ओठ आणि जीभ वाढलेली दिसतील. ते झाकण निघाल्यामुळं असू शकतं. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून दुसरीकडं जातील आणि तिथं कुणीतरी डोस वाढवून देईल. आणि एक दोन महिन्यांनी सरांशी बोला की हेच औषध पुढं ठेवायचं का बदलायचं, ते आजार किती शांत आहे त्यावर आहे.

सुनंदा_लातूर

काकूंना एक सांगा, पुढच्या दिवाळीला जाताना कागदाचा फोटो सोबत नेऊ देत. तिकडं कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल.

केजची_सिस्टर

फोटो काकूंच्या आणि थोरल्या पोराच्या, दोघांच्या मोबाइलमधे टाकलाय. तिकडं हे इंजेक्शन मिळतं का ते विचारायचं राहिलंय. सांगली-कोल्हापूरकडचं कुणी आहे का इथं, ज्यांना माहीत आहे?

उदगीरचा_रघ्या

माझा मावसभाऊ वाळव्याला असतो, विचारतो. औषधाचं नाव नीट टाइप करून पाठवा ताई, मी बोललो तर तो दुसरंच काही विचारून येईल.